दुकानाच्या मुहूर्तासाठी प्रार्थनेचा अभंग: काट्यापासून कडव्यापर्यंत

दुकानाच्या उद्‌घाटनाला स्वतःची चार ओळींची प्रार्थना असावी म्हणून बरेच जण आदल्या रात्री लिहायला बसतात. जे लिहून होतं त्यात ‘यश’, ‘भरभराट’, ‘सचोटी’ आणि ‘प्रामाणिकपणा’ हे शब्द येतात, चाल कशालाच लागत नाही, आणि सकाळी पूजेत ते घाईघाईने वाचून संपतं. चूक शब्दसंपत्तीची नसते, क्रमाची असते. आधी शब्द शोधले जातात आणि मागणं काय आहे हे नंतर ठरतं. खाली तो क्रम उलटा लावला आहे. उदाहरणाला एका गाळ्यातलं लहान किराणा दुकान घेतलं आहे, जिथे पुड्यांचा माल आहे, थोडा सुटा माल आहे आणि उधारीची वही आहे. शेवटी हातात पाच कडव्यांचा, नुसता म्हटला तर मिनिटभराचा अभंग उरेल.

मुहूर्ताआधी निदान चार दिवस हाताशी ठेवा. लिहायला दोन बैठका पुरतात. मधले दिवस चाल लावून बघायला आणि खाडाखोड करायला लागतात.

## १. आधी गल्ल्यावर बसा, कागद नंतर

दुकान लावून झालं की रिकाम्या दुकानात गल्ल्यामागे बसा. समोर गिऱ्हाईक उभं आहे असं धरा आणि हात कुठे कुठे घसरू शकतो ते साध्या शब्दांत लिहून काढा. ‘मी प्रामाणिक राहीन’ असं लिहू नका. हात कोणत्या वस्तूवर आहे ते लिहा.

किराणा दुकानात ही ठिकाणं साधारण अशी निघतात. काटा शून्यावर यायच्या आत तोलणं, किंवा कागदी पिशवीचं आणि डब्याचं वजन मालातच धरणं. मुदत संपलेला पुडा फळीवर मागे सरकवून ठेवणं, किंवा गेल्या महिन्याचे शेंगदाणे नव्या पोत्यात मिसळणं. लहान पोर किंवा नीट न दिसणारी आजी आली की भाव दोन रुपयांनी वाढणं. उधारीच्या वहीत गिऱ्हाईक गेल्यावर आकडा टाकणं. सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवणं.

यादी दहा-बारा नोंदींची होईल, पण अभंगात सगळ्या मावणार नाहीत. ज्यावर फक्त तुमचाच डोळा असतो, जे गिऱ्हाइकाला दिसतच नाही, अशा तीन जागा निवडा. गोळी हातावर पडली हे गिऱ्हाइकाला दिसतं, ते भांडून पैसे मागू शकतं. काटा पाच ग्रॅमवरून सुरू झाला हे त्याला दिसत नाही. देवाकडे मागायचं ते या दुसऱ्या जातीचं. म्हणून इथे तीन जागा पक्क्या केल्या: काटा, मुदत आणि वही. भाव वहीच्याच कडव्यात बसतो.

सावधान: जे काम कायद्याने करायचंच आहे ते प्रार्थनेवर ढकलू नका. काट्याची पडताळणी करून वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का घ्यावा लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याची ही पडताळणी दर वर्षी करायची असते, आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. पाकिटावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, तिच्या वर घेता येत नाही. शिक्का नसलेल्या काट्यासमोर ‘माप खरं राहो’ म्हणणं बरं दिसत नाही.

इथे तपासा: यादीतल्या प्रत्येक नोंदीत एखादी हाताळता येणारी वस्तू आहे का? काटा, पोतं, पुडा, वही, गल्ला यांपैकी काहीच नसेल तर ती नोंद अजून मोघम आहे.

## २. छंद ठरवा आणि अक्षरं मोजायला शिका

घरगुती प्रार्थनेला अक्षरछंदच बरा. वृत्तात लघु-गुरू सांभाळावे लागतात आणि नवख्याची दमछाक होते. मुक्तछंद वाचायला ठीक, पण चार माणसांना एकत्र म्हणता येत नाही.

अभंगाचे दोन साचे चालू वापरातले आहेत. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि दोन्हींच्या शेवटी यमक. मोठ्या अभंगात चार चरण असतात: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. या कामासाठी मोठा अभंग घ्या. कारण व्यवहाराचं आहे: चौथा चरण आखूड असल्याने तिथे आवाज थांबतो, आणि त्या चार अक्षरांत मागणं नेमकं बसतं. ‘खरे राहो’, ‘न मिसळो’ असली क्रियापदं चार अक्षरांचीच असतात. लहान अभंगात हे मागणं ओळीच्या मध्येच हरवतं.

मोजायची रीत सोपी आहे. लिहिलेलं प्रत्येक अक्षर एक. ऱ्हस्व-दीर्घ सारखंच. जोडाक्षर एक, अनुस्वार वेगळा धरायचा नाही. ‘शून्यावर’ म्हणजे शू-न्या-व-र, चार. ‘हक्काचा’ म्हणजे ह-क्का-चा, तीन.

सगळ्यात जास्त चूक होते ती कानाने मोजल्यामुळे. बोलताना आपण ‘मुदत’ हा शब्द ‘मु-दत्’ असा म्हणतो, म्हणून तो दोनचा वाटतो. अभंगात तो मु-द-त, तीनचा. चालीत शेवटचा ‘त’ पूर्ण उच्चारला जातो. ‘माल’, ‘दार’, ‘भाव’ हे सगळे दोन अक्षरांचे धरा. कानाने मोजलेला चरण कागदावर सातचा-आठचा निघतो आणि टाळ चुकतो.

आता ‘प्रामाणिकपणा’ मोजा: प्रा-मा-णि-क-प-णा. सहा. म्हणजे हा एकच शब्द अख्खा चरण खातो आणि त्यात काट्याचं, मालाचं, वहीचं काहीही येत नाही. तो आला की खोडा. (‘छापील किंमत’ हेही बरोबर सहाच आहे. जागा तेवढीच घेतं, पण निदान काहीतरी दाखवतं.)

## ३. प्रत्येक कडव्याचं मागणं आधी गद्यात

कडवी पाच ठेवा. त्याहून जास्त झाली की पूजेतल्या लोकांची चुळबुळ सुरू होते, आणि तीनच ठेवली तर मधलं मागणं एकाच कडव्यात मावत नाही. पाचांची कामं अशी वाटून घ्या:

१. आज दार उघडतो आहे, देवा, आधार तुझा.
२. सुटा माल तोलताना काटा आधी शून्यावर असू दे.
३. मुदत संपली की माझ्या हाताने तो माल काढून टाकावा, जुनं नव्यात मिसळू नये.
४. पोराला आणि आजीला एकच भाव. वहीत नाव आणि आकडा खरा.
५. हक्काच्या नफ्यात घर चालू दे, मापात पाप नको.

पाचव्यात नफा मागायला लाजू नका. दुकान उघडणारा माणूस नफा मागतच नाही असं दाखवणारी प्रार्थना खोटी वाटते, आणि पहिला खोटेपणा तिथेच सुरू होतो. फक्त नफा शेवटी मागा. पहिल्या कडव्यात मागितला की पुढची चारही कडवी त्याची किंमत चुकवल्यासारखी वाचली जातात.

सावधान: न पाळता येणारं मागू नका. ‘कधी न बोलो खोटे’ किंवा ‘उधार कुणा न नाकारो’ हे म्हणायला गोड आहे, पण गल्ल्यावर ते महिनाभरात मोडतं. मग समोर टांगलेला अभंग रोज टोचायला लागतो आणि एक दिवस तो काढून ठेवला जातो.

## ४. एक कडवं जुळवून बघा

दुसरं कडवं घेऊ, कारण ते सगळ्यात अवघड आहे. गद्यातलं मागणं: ‘सुटा माल तोलताना काटा आधी शून्यावर असू दे.’

पहिला प्रयत्न सहसा असा होतो:

> तोलण्याआधी काटा

तो-ल-ण्या-आ-धी-का-टा. सात. एक जास्त. शब्द कापण्यापेक्षा मुद्द्याचा शब्द पुढे घ्या:

> काटा शून्यावर

सहा. इथे काटा आणि शून्य दोन्ही आले, चरण पक्का. आता दुसऱ्या-तिसऱ्याला यमक हवं:

> काटा शून्यावर
> थांबो आधी नीट
> साखर वा पीठ

अक्षरं सहा-सहाच भरतात, पण ‘नीट’ आणि ‘पीठ’ हे यमक नाही. ट आणि ठ जवळचे वाटतात, म्हणताना मात्र कानाला ठेच लागते. साधा नियम असा: शेवटचं अक्षर तेच हवं आणि त्याच्या आधीचा स्वरही तोच हवा. ‘दार–आधार’ चालतं, ‘भाव–नाव’ चालतं. ‘नीट–पीठ’ नाही, ‘भाव–देव’ही नाही.

‘थांबो आधी’ हे बरोबर चार अक्षरांचं मागणं आहे, त्याची खरी जागा चौथा चरण. ते खाली सरकवलं की वरची जागा मोकळी होते:

> काटा शून्यावर
> तोलताना पीठ
> साखर वा मीठ
> थांबो आधी

आता मोजणीही बरोबर आणि यमकही शुद्ध. बहुतेक लोक इथे थांबतील, पण एक गोष्ट खटकते: मीठ आता पुडीतच येतं, काट्यावर ते फारसं चढत नाही. यमकासाठी दुकानात नसलेला माल अभंगात आला. गिऱ्हाइकाच्या लक्षात येणार नाही, पण रोज तोलणाऱ्याला ते खोटं वाटेल. म्हणून सुट्या मालाची यादी पुन्हा काढली: तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, गूळ. त्यात ‘तांदूळ’ आणि ‘गूळ’ यमकाला जुळतात.

> काटा शून्यावर
> तोलता तांदूळ
> शेंगदाणे, गूळ
> थांबो आधी

तो-ल-ता-तां-दू-ळ, सहा. शें-ग-दा-णे-गू-ळ, सहा. यमकाचे शब्द बाहेरून आणण्यापेक्षा आपल्याच पोत्यांवरच्या चिठ्ठ्यांवर शोधावेत ते यासाठी.

इथे तपासा: कडव्याचा अन्वय लावून एका सरळ वाक्यात म्हणा. ‘तांदूळ, शेंगदाणे, गूळ तोलता काटा आधी शून्यावर थांबो.’ वाक्य अडखळत नसेल तर कडवं उभं राहिलं. अन्वय लागतच नसेल तर शब्द फक्त मोजून ठेवलेले आहेत.

## ५. पूर्ण अभंग

बाकीची कडवी याच रीतीने जुळवल्यावर अभंग असा होतो:

> उघडतो आज । दुकानाचे दार ।
> तुझाच आधार । विघ्नहरा ॥१॥
>
> काटा शून्यावर । तोलता तांदूळ ।
> शेंगदाणे, गूळ । थांबो आधी ॥२॥
>
> मुदत संपता । माल काढो हात ।
> जुना नव्या आत । न मिसळो ॥३॥
>
> पोर असो, आजी । सर्वां एक भाव ।
> वहीतले नाव । खरे राहो ॥४॥
>
> हक्काचा जो नफा । पुरो घरदारा ।
> मापात न थारा । पापा मिळो ॥५॥

चौथ्या कडव्यातलं ‘नाव’ मुद्दाम आहे. हिशेबाच्या भाषेत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, आणि उधारी ‘नावे’ पडते. म्हणजे वहीतलं नाव खरं राहो म्हणताना माणसाचं नाव आणि त्याच्या नावे टाकलेली रक्कम, दोन्ही येतात.

पाचव्यात ‘मापात पाप’ ही बोलण्यातली जोडी आहे, ती थेट न वापरता दोन चरणांत फोडली आहे. सरळ ‘मापात पाप नको’ लिहिलं असतं तर फळ्यावरचा सुविचार झाला असता.

पहिल्या कडव्यात ‘उघडतो’ आहे. दुकान बाईचं असेल तर ‘उघडते आज’, दोघांचं किंवा भावाभावांचं असेल तर ‘उघडू या आज’. तिन्ही सहाच भरतात. ‘विघ्नहरा’च्या जागी आपलं दैवत घालता येतं, अट एवढीच की हाक चार अक्षरांची हवी: गजानना, गणराया, पांडुरंगा, खंडेराया, जगदंबे, अंबाबाई, भगवंता. ख्रिस्ती घरात ‘प्रभुराया’ बसतं. ‘विठ्ठला’ तीनचं आहे, तिथे चाल तुटते. ‘विठुराया’ घ्या.

दुसरा धंदा असेल तर पहिलं आणि पाचवं कडवं बहुतेक तसंच राहील, मधली तीन बदलतील. पाचव्यातलं ‘माप’ शिंप्यालाही चालतं, त्याच्या फितीचं. त्याच्या दुकानात काटा नसतो, पण शिवून उरलेलं कापड असतं, आणि त्याची घसरणीची जागा तीच:

> उरल्या चिंधीची । नको मज हाव ।
> ज्याचे त्याचे नाव । तिला राहो ॥

## ६. खोडायच्या जागा

कच्चा खर्डा एक रात्र बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोठ्याने म्हणा. चार ठिकाणी हमखास बिघाड सापडतो.

पहिला बिघाड क्रियापदांचा. ‘राहो’, ‘मिळो’, ‘न मिसळो’ ही रूपं तिसऱ्या पुरुषाची आहेत. काटा थांबो, हात काढो, नफा पुरो, हे बरोबर. ‘मी राहो’, ‘मी न फसवो’ हे चूक. स्वतःबद्दल मागायचं असेल तर कर्ता बदला आणि हाताला किंवा वहीला पुढे करा. तिसऱ्या कडव्यात ‘मी’ नाही, ‘हात’ आहे, तो यासाठीच. व्याकरणही सुटतं आणि मागणंही जास्त नेमकं होतं, कारण पुडा काढायचा तो हातानेच.

दुसरा बिघाड जुन्या-नव्या भाषेच्या सरमिसळीचा. ‘सर्वां’, ‘घरदारा’, ‘पापा’ ही आखूड रूपं अभंगात शोभतात आणि एकेक अक्षर वाचवतात. पण एका कडव्यात ‘तुजप्रती’, ‘जाहलो’ आणि पुढच्यात ‘ग्राहकांसाठी’ असं झालं की आवाज दोन माणसांचे वाटतात. आखूड विभक्ती ठेवा, जुनाट क्रियापदं टाळा. ‘ग्राहक’ हा शब्द पाटीवरचा आहे. गल्ल्यावर आपण गिऱ्हाईक म्हणतो, आणि त्याहून बरं म्हणजे पोर, आजी, शेजारी.

तिसरा बिघाड भरतीच्या शब्दांचा. अक्षर कमी पडलं की ‘तो’, ‘हा’, ‘बा’, ‘रे’ घुसतात. चौथ्या कडव्याच्या खर्ड्यात ‘एकच तो भाव’ होतं. त्यातला ‘तो’ काहीच करत नव्हता, म्हणून ‘सर्वां एक भाव’ केलं. अख्ख्या अभंगात असा एक शब्द खपतो. तीन झाले की ऐकणाऱ्याला मोजणी ऐकू यायला लागते.

चौथा बिघाड नाममुद्रेचा. शेवटी ‘तुका म्हणे’ जोडलं की अभंग भारदस्त वाटेल असं अनेकांना वाटतं. अक्षरंही चार, म्हणून मोह होतो. ती संत तुकारामांची मुद्रा आहे. आपल्या ओळींवर ती घालणं म्हणजे दुसऱ्याचा शिक्का आपल्या मालावर मारणं, आणि हा अभंग नेमका त्याच्याच विरुद्ध आहे. मुद्रा हवीच असेल तर घरातलं नाव घाला, नाहीतर शेवट मोकळा सोडा.

इथे तपासा: माहितीच्या कुठल्याही मोठ्या अभंगाच्या चालीवर टाळ्या वाजवत म्हणा. जिथे दोन अक्षरं घाईने गिळावी लागतात तिथे चरण सातचा आहे. जिथे स्वर उगाच ताणावा लागतो तिथे पाचचा. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला एकदा म्हणायला द्या. तो अडखळेल ती जागा खुणेने धरा.

गाणार असाल तर दुसरं कडवं धृपद म्हणून फिरवा. ‘काटा शून्यावर’ पुन्हा पुन्हा कानावर पडणं या दुकानाला योग्यच आहे.

## ७. कागदावर उतरवणं

वर छापलाय तसाच दोन-दोन ओळींत लिहा, चरणांमध्ये दंड आणि कडव्याच्या शेवटी दुहेरी दंडात आकडा. फ्लेक्सवाल्याला नुसता मेसेज पाठवला तर तो जागेनुसार ओळी मोडतो, आणि ‘शेंगदाणे, गूळ । थांबो’ एका ओळीत आणि ‘आधी’ एकटं खाली असा प्रकार होतो. शक्यतो हाताने कार्डशीटवर लिहा. छापायचंच असेल तर कच्ची प्रत मागून ‘शून्यावर’, ‘नव्या’, ‘हक्काचा’, ‘सर्वां’ हे चार शब्द आधी बघा. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात ती इथेच, आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

कुठे लावायचा यावर दोन मतं असतात. आमचं म्हणणं: गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावू नका. तिकडे तोंड केलं की ती जाहिरात होते, ‘आमच्याकडे माप चोख’ या पाटीसारखी. काट्यामागे, तोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावा, काट्याच्या आकड्यांवरून नजर उचलली की दिसेल इतक्या उंचीवर. एवढ्या अंतरावरून वाचायला साध्या ए-फोर कागदाएवढी जागा भरपूर झाली. देव्हाऱ्यातल्या उदबत्तीचा धूर थेट लागेल अशी जागा टाळा, सहा महिन्यांत कागद पिवळा पडतो.

## ८. मुहूर्ताच्या दिवशीचा क्रम

अभंग कधी म्हणायचा याबद्दल घोळ होतो. सत्यनारायण असो की नुसतं गणेशपूजन, क्रम असा ठेवा: दैवताची पूजा, मग काटा, वही आणि गल्ल्याची पूजा, आरती, त्यानंतर अभंग, आणि लगेच भवानी. अभंग आणि पहिली विक्री यांच्यात भाषणं, फोटो, प्रसाद काहीही येऊ देऊ नका. आरतीच्या आधी म्हटला तर तो आरतीच्या गजरात विरून जातो, आणि प्रसादानंतर म्हटला तर ऐकायला कुणी थांबत नाही.

म्हणताना मालकाने काट्याजवळ उभं राहावं. घरातल्या दोघा-तिघांना आधी पाठ करून ठेवायला सांगा, म्हणजे चौथ्या चरणाला साथ मिळते. पाहुण्यांना कागद वाटायची गरज नाही.

आता एक लहानशी गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक मुहूर्ताला बिघडते. पूजेत काट्याला हळद-कुंकू लावतात, ताटलीवर अक्षता आणि झेंडूचं फूल ठेवतात. पूजेच्या वेळी काटा बहुतेक बंद असतो. मग कुणीतरी फुलासकट तो चालू करतं. बरेच काटे चालू होताना ताटलीवर जे असेल त्यालाच शून्य धरतात. नंतर फूल उचललं की आकडा उणे दिसतो आणि गोंधळ उडतो. उलट, काटा आधीपासून चालू असेल आणि फूल तसंच राहिलं, तर ते पाच-सात ग्रॅम पहिल्या गिऱ्हाइकाच्या गुळातून जातात. ‘काटा शून्यावर’ म्हणून होतं आणि काटा शून्यावर नसतो.

म्हणून कुंकू ताटलीवर न लावता काट्याच्या पुढच्या अंगाला, आकड्यांच्या बाजूला बोटभर लावा. ओलं गंध ताटलीखाली झिरपू देऊ नका, आतल्या भागावर ते सुकलं की ताटली मोकळी हलत नाही. अक्षता ताटलीच्या कडेला अडकतात, त्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

अभंगाचं शेवटचं कडवं संपलं की फूल उचलून देवापुढे ठेवा. काटा चालू करा, ताटली रिकामी असताना शून्याचं बटण दाबा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. रिकामी पिशवी ठेवून टेअर दाबा, पुन्हा शून्य बघा. मग पहिल्या गिऱ्हाइकाला विचारा, काय देऊ.